दर पाडून खर्च दाखवणं: जारच्या पाण्याचा हिशोब

प्रश्न: नव्या माणसाला जुन्या धंदेवाल्याचा खर्च दिसत नाही, म्हणून जुना माणूस दर कमी ठेवून ‘माझा खर्च कमी आहे’ असं सुचवतो म्हणे. पण दर तर उद्या सकाळी बदलता येतो, त्याला कोण घाबरेल? आणि खर्च जास्त असलेल्यानेही तसाच दर लावला तर?

उत्तर:

तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तर दुसऱ्या शंकेत आहे. जास्त खर्चवाल्याला नक्कल करणं सहज परवडत असेल, तर त्या कमी दरातून काहीच कळत नाही. दर इतका खाली न्यावा लागतो की नक्कल करणाऱ्याला ती परवडू नये. तो दर नेमका कुठे बसतो हे आकडे मांडल्याशिवाय उमगत नाही, म्हणून मी वर्गात हा विषय शिकवताना जारच्या पाण्याचं उदाहरण घेतो. आकडे माझे, हिशोबाला सोपे जावेत म्हणून घेतलेले.

एका तालुक्याच्या गावात वीस लिटरचे जार पुरवणारा एकच प्लांट आहे. जार 60 रुपयांना झाला तर कुणीच घेणार नाही, आणि तिथून दर एकेक रुपयाने उतरला की रोज दहा जार जास्त जातात. प्लांटवाल्याला एक जार एकतर 12 रुपयांना पडतो नाहीतर 24 ला. मेंब्रेन किती दिवस टिकते, मोटर किती वीज खाते, पोरांना जारमागे काय सुटतं, किती जार फुटतात, यावर ते ठरतं आणि ते फक्त त्याच्या वहीत असतं. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतो तो टेम्पो आणि दर.

आता दुसरा कुणी पुढच्या हंगामात प्लांट टाकायचा विचार करतोय. त्याला जार 24 ला पडेल, शिवाय कर्जाचा हप्ता आणि जागेचं भाडं मिळून रोजचे 1000 रुपये. तो आला की जुन्याचा खर्च लपून राहणार नाही आणि रोज किती जार भरायचे हे दोघे आपापलं ठरवतील. जुना 24 वाला निघाला तर दोघे 120-120 जार विकतील, दर 36 वर बसेल, नव्याला 1440 सुटतील आणि हजार वजा जाता 440 हातात राहतील. जुना 12 वाला निघाला तर तो 200 जार विकेल, नव्याच्या वाट्याला 80 येतील, दर 32 होईल. नव्याला 640 सुटतील, म्हणजे रोज 360 चा खड्डा. एका बाजूला 440 चा फायदा, दुसऱ्या बाजूला 360 चा तोटा, आणि त्याच्या हातात माहिती म्हणून फक्त जुन्याचा आजचा दर.

स्पर्धेची भीती नसती तर जुन्याने काय दर लावला असता? 24 वाल्याने 42 (रोज 180 जार, नफा 3240), 12 वाल्याने 36 (240 जार, नफा 5760). म्हणून पहिला विचार येतो की दर 36 दिसला तर नव्याने समजावं, खर्च कमी आहे, आणि गप्प बसावं.

पण 24 वाल्यानेही 36 लावला तर? त्याचा नफा 3240 वरून 2880 होतो, म्हणजे या हंगामात रोज 360 चं नुकसान. बदल्यात नवा आला नाही तर पुढच्या हंगामात 1440 ऐवजी 3240 मिळतात, म्हणजे रोज 1800 जास्त. 360 देऊन 1800 घ्यायला कोण नाही म्हणेल? (दोन्ही हंगाम सारख्याच लांबीचे धरलेत आणि व्याज सोडून दिलंय.) तेव्हा 36 या दराला संकेत म्हणून काही किंमत उरत नाही, तो कुणीही लावू शकतो.

अजून खाली चला. 29 रुपयांना 310 जार जातात. 24 वाल्याला जारमागे पाचच रुपये सुटतात, एकूण 1550. त्याचं नुकसान 1690, तरी 1800 पेक्षा कमीच, म्हणजे नक्कल अजून फायद्याची. 28 ला मात्र चित्र पालटतं. 320 जार, जारमागे चार रुपये, एकूण 1280. नुकसान 1960, मिळकत 1800. इथे तो थांबतो, आणि नक्कल परवडतच नसेल तर उगाच दर पाडण्यापेक्षा सरळ 42 लावून नव्याला येऊ देतो.

12 वाल्याला तोच 28 किती जड जातो? जारमागे 16 रुपये, 320 जार, 5120. नुकसान फक्त 640. नवा आला असता तर पुढच्या हंगामात त्याला 5760 ऐवजी 4000 मिळाले असते. 1760 वाचवायला 640 घालवणं त्याला परवडतं. तो 23 पर्यंतही उतरू शकतो, तिथे त्याचं नुकसान 1690 होतं, पण 28 ने काम भागत असताना पुढे कशाला जाईल?

सगळी गोम या फरकात आहे. 36 वरून 28 वर यायला एकाला 640 पडतात, दुसऱ्याला 1600. दर पाडला की जास्त जार विकावे लागतात, आणि प्रत्येक वाढीव जारवर 24 वाल्याला 12 वाल्यापेक्षा बारा रुपये जास्त मोजावे लागतात. बोलण्याला पैसे पडत नाहीत, म्हणून ‘माझा खर्च कमी आहे’ हे बोलून पटत नाही. ते विकून दाखवावं लागतं.

आता तुमची पहिली शंका. दर उद्या बदलेल का? हो, बदलेल. नवा बाजारात उतरला नाही की 12 वाला 28 वरून 36 वर जाईल, आणि हे नव्याला आधीच माहीत असतं. तो 28 ला घाबरलेलाच नसतो. तो घाबरतो त्या दरामागच्या 12 ला, कारण स्पर्धा सुरू झाली की दर नव्याने ठरतो, खर्च मात्र तोच राहतो. जुन्या मांडणीत, म्हणजे अर्थशास्त्रज्ञ जो बेन यांच्या 1949 च्या लिखाणापासून चालत आलेल्या ‘लिमिट प्रायसिंग’मध्ये, नव्याला रोखायला दर खाली ठेवण्याच्या कल्पनेत, आजचा कमी दर उद्याही टिकेल असं नवा धरून चालतो, असं गृहीत होतं. तुमच्यासारखी शंका पुढे अनेकांनी काढली. पॉल मिलग्रोम आणि जॉन रॉबर्ट्स यांनी 1982 मध्ये ‘इकोनोमेट्रिका’ या नियतकालिकात दाखवलं की माहिती लपलेली असेल तर दर टिकण्याची गरजच पडत नाही, तो बातमी म्हणून काम करतो. (हेच मिलग्रोम पुढे 2020 च्या अर्थशास्त्राच्या नोबेलचे मानकरी झाले, पण ते लिलावांवरच्या कामासाठी.)

विद्यार्थ्यांना चक्रावून टाकणारी गोष्ट याच्या पुढे आहे. वरच्या हिशोबात कोण आत आला आणि कोण बाहेर राहिला ते पाहा. 24 वाल्याविरुद्ध नवा आला, 12 वाल्याविरुद्ध आला नाही. खर्चाची वही चौकात टांगली असती तरी नेमकं हेच झालं असतं! म्हणजे प्रवेश रोखणारा म्हणून ओळखला जाणारा हा दर इथे एकही जादा माणूस रोखत नाही. 12 वाला रोज 640 घालवतो ते फक्त आपल्यावर 24 वाला असल्याचा संशय येऊ नये म्हणून, आणि गावाला एक हंगाम जार आठ रुपयांनी स्वस्त मिळतो. दर पाडला म्हणजे गिऱ्हाइकाविरुद्ध कारस्थान, असं धरून बसलेल्यांना हे पटायला वेळ लागतो.

खरी अडवणूक होते ती नव्याचा आधीपासूनचा अंदाजच जुन्याच्या बाजूने असेल तेव्हा. समजा त्याला वाटतं की जुना 12 वाला असण्याची शक्यता 60 टक्के आहे. 440 च्या चाळीस टक्क्यांतून 360 चे साठ टक्के वजा केले तर रोज 40 चा तोटा. आणखी काही न कळता तो येणारच नाही. अशा वेळी दोघेही 36 लावू शकतात. 12 वाल्याला काहीच सोडावं लागत नाही, आणि 24 वाला 360 सोडून त्याच्या आडोशाला लपतो. इथे दर काही सांगत नाही, आणि वही उघडी असती तर आला असता असा स्पर्धक बाहेरच राहतो. आपल्या आकड्यांत ही सीमा 55 टक्क्यांवर आहे. जुना 12 वाला असण्याची शक्यता त्याहून कमी वाटत असेल तर हे लपणं टिकत नाही.

प्रत्यक्षात हे ओळखायचं कसं? अडचण अशी की धमकी आणि प्रवेश एकदमच घडले तर आधीचा दर आणि नंतरचा दर वेगळे काढता येत नाहीत. अमेरिकेतल्या साउथवेस्ट एअरलाइन्सने ही सोय अनायासे करून दिली. ती आधीच एका विमानतळावरून उडत असते आणि मग दुसऱ्या विमानतळावर काम सुरू करते, पण या दोघांमध्ये थेट उड्डाण अजून नसतं. त्या मार्गावरच्या जुन्या कंपन्यांना पुढचं पाऊल दिसत असतं. ऑस्टन गुल्सबी आणि चॅड सिव्हरसन यांनी 2008 मध्ये दाखवलं की जुन्यांची भाडी याच टप्प्यात उतरतात, आणि साउथवेस्टमुळे होणाऱ्या एकूण घसरणीतली निम्म्याहून जास्त तिचं पहिलं विमान त्या मार्गावर उडण्याआधीच झालेली असते. पण हे संकेतासाठीच होतं असं त्यांनी म्हटलेलं नाही. रोखणं की येणाऱ्याशी जुळवून घेण्याची तयारी, याबद्दलचा पुरावा त्यांना संमिश्रच मिळाला. भाडं कमी करून नेहमीचे प्रवासी आधीच बांधून ठेवणं हेही कारण असू शकतं, आणि त्यात खर्चाच्या गुपिताचा काही संबंध नाही. माझ्या मते दराची घसरण पाहून थेट ‘सिग्नलिंग’ म्हणणारे घाई करतात. आधी विचारावं, नव्याला खरोखर काय दिसत नव्हतं?

जारवाल्याचंच घ्या. तो टँकरचं पाणी विकत घेत असेल आणि टँकर रोज सकाळी सगळ्यांसमोर दारात उभा राहत असेल, तर खर्चाचा मोठा भाग गुपित नाही, आणि 28 चा दर लावून तो फक्त पैसे घालवेल.

त्याहून वाईट म्हणजे नव्याला स्वतःचाच खर्च माहीत नसेल तर. समजा दोघेही त्याच माळावर बोअर मारणार आणि पाणी किती क्षारांचं निघतं यावर दोघांचाही खर्च ठरणार. मग जुन्याचा कमी दर ‘इथलं पाणी चांगलं आहे, या’ असंच सांगतो. जोसेफ हॅरिंग्टन यांनी 1986 मध्ये नेमकी ही मांडणी सोडवली, आणि उत्तर उलटं आलं: दोघांचे खर्च असे पुरेसे जोडलेले असतील, तर जुना आपल्या मक्तेदारीच्या दरापेक्षाही वर जातो, खर्च फार आहे असं भासवायला. आपल्या गावात अशा वेळी जार 42 च्याही वर विकला जाईल, आणि तोही प्रवेश रोखण्यासाठीच.