औषध समजून घेतलेलं इंजेक्शन

“माझा स्पर्म काउंट कमी आलाय. मी बाप होऊ शकणार नाही का? काय केलं की वाढेल?”

हा प्रश्न घेऊन नवरे बहुधा एकटेच येतात. मी पुढच्या वेळी दोघांना बोलावते. लाजेपोटी झाकलेली गोष्ट जोडीदारासमोरच बाहेर येते, असं माझं ठाम मत आहे.

एका जोडप्याचा पहिला रिपोर्ट होता एका मिलिलिटरला ९ मिलियन. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची खालची मर्यादा १६ आहे. पण वर्षभराच्या आत बाप झालेल्यांपैकीही पाच टक्के पुरुष त्या आकड्याखाली असतात, त्यामुळे ९ म्हणजे दार बंद नव्हे. शिवाय काउंट दर वेळी बदलतो. म्हणून दोन ते सात दिवस संबंध आणि हस्तमैथुन टाळून तपासणी पुन्हा करायची असते. यांनी ती पाच महिन्यांनी केली आणि आकडा आला २.

“मधे काय बदललं?”

“चांगलंच बदललं. सिगारेट सोडली, जिम लावली, वजन सहा किलो उतरवलं.”

“जिममध्ये कुणी काही घ्यायला सांगितलं?”

तो गप्प. बायको म्हणाली, “कपाटात ती छोटी बाटली कसली रे? मी विचारणारच होते.”

बऱ्याच वेळाने उत्तर आलं, “टेस्टोस्टेरॉन. मला वाटलं, पुरुषी हार्मोन कमी पडत असेल.”

इथे सगळा उलगडा झाला. पहिल्या रिपोर्टने त्याला आपण पुरुष म्हणून कमी पडलो असं वाटलं, आणि ती उणीव तो चोरून भरून काढत होता. बाहेरून हार्मोन आलं की मेंदू वृषणांना काम करण्याचा हुकूम देणं थांबवतो. वृषणांच्या आतलं टेस्टोस्टेरॉन घटतं आणि शुक्राणू बनणं मंदावतं, कधी पूर्ण थांबतं. फसगत अशी की इच्छा टिकते, कधी वाढतेही, वीर्यही नेहमीसारखंच दिसतं. शंका यावी तरी कशी?

त्याला मी त्याच आठवड्यात अँड्रॉलॉजिस्टकडे, म्हणजे पुरुषांच्या प्रजननाच्या तज्ज्ञाकडे पाठवलं. तिथे इंजेक्शन बंद झालं, हार्मोन्स तपासले गेले. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून सिगारेट सोडल्याचा परिणामही पुढच्या महिन्यात शोधायचा नसतो. टेस्टोस्टेरॉननंतर तर कित्येक महिने जातात, काहींना वर्षाहून जास्त, आणि प्रत्येकाचा काउंट पूर्ववत होतोच असं नाही. सिगारेट बंद आणि व्यायाम चालूच ठेवा, असं मी सांगितलं. गरम पाण्याच्या टबात बसणं मात्र थांबवलं, कारण वृषणांना शरीरापेक्षा थोडा गारवा लागतो. ‘साठवून’ ठेवण्यासाठी दोघं पंधरा-पंधरा दिवस लांब राहत होती, त्याऐवजी दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवायला सांगितले.

आठ महिन्यांनी काउंट १४ झाला. गर्भ अजून राहिलेला नाही. पण सगळ्यांचं लक्ष त्याच्या आकड्यावर असताना तिच्या गर्भनलिकांची तपासणी राहूनच गेली होती. ती आता पुढच्या पाळीनंतर करायची ठरली आहे.