तीनातला खरा आकडा कोणता?

"मॅडम, दहा मिनिटांत तीनदा बीपी मोजलं. १५८, मग १४६, मग १३९. यातलं खरं कुठलं वो? आणि डॉक्टरांना कुठलं सांगू?"

तिन्ही खरे. सोलापुरात गेली काही वर्षं आजाराच्या काळजीने झोप उडालेल्या माणसांशी बोलताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की हे उत्तर आता आपसूक तोंडातून निघतं. पण विचारणाऱ्याचं त्यावर समाधान होत नाही, आणि ते बरोबरच आहे.

वरचा प्रश्न विचारणारे काका अक्कलकोट रोडच्या चादर कारखान्यांत उभं आयुष्य घालवून निवृत्त झालेले. ओळख लपवण्यासाठी तपशील थोडे बदललेत. बीपीची गोळी दोन वर्षं चालू. मुलाने मशीन आणून दिलं आणि तिथून घोर लागला. दिवसातून बारा-चौदा वेळा मोजायचे. आकडा जास्त आला की लगेच पुन्हा, तरी जास्तच आला की आणखी एकदा. मनाजोगता आला की तो वहीत उतरवायचा. काकू स्वयंपाकघरातून विचारणार, "किती आलं?" आणि काका पट्टा फुगलेला असतानाच उत्तर देणार.

त्या वहीत सगळं छान दिसत होतं. डॉक्टर वही बघून म्हणत, "ठीक आहे." काका मात्र रात्री दोनला उठून पुन्हा मशीन लावत, कारण न लिहिलेले आकडे त्यांच्या डोक्यात होते.

मी कुणाला "काळजी करू नका" म्हणत नाही. तसं सांगून काळजी गेल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. माणूस नेमकं काय करतो ते मला बघायचं असतं. म्हणून दुसऱ्या भेटीत म्हटलं, "मशीन घेऊन या, माझ्यासमोर मोजा."

खुर्चीत पुढे सरकून बसले. पाय एकावर एक, हात मांडीवर, पट्टा शर्टाच्या बाहीवरूनच. बटण दाबलं आणि म्हणाले, "आता बघा, वाढणार." आला १५८/९४.

"आता माझ्या पद्धतीने," मी म्हटलं. बाही वर केली, पाठ टेकवली, पाय जमिनीवर सपाट ठेवायला लावले. हात टेबलावर उशी ठेवून असा, की दंडाचा पट्टा छातीच्या मध्याशी येईल. हात त्यापेक्षा १० सेंटिमीटर खाली असला तर वरचा आकडा ७-८ ने चढतो, तो मांडीवरच्या हाताचा हिशेब. मग पाच मिनिटं दोघंही गप्प बसलो. बोलण्यानेही आकडा सहज दहाच्या घरात वाढतो. पहिली नोंद १४६/८८. एक मिनिट थांबून दुसरी, १३९/८६.

"बघा, आत्ता काहीच बदललं नाही, तरी सात कमी!" काका म्हणाले.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. रक्तदाब प्रत्येक ठोक्याला, प्रत्येक श्वासाला थोडा हलतो. मशीन अर्ध्या-पाऊण मिनिटातले काही ठोके पकडतं, म्हणजे वाहत्या पाण्यातून एक तांब्या भरतं. शिवाय पट्टा आवळला की शरीर दचकतं, म्हणून पहिली नोंद बहुधा जास्त आणि दुसरी कमी. मशीन बिघडलंय असं नाही. उलट दोन नोंदी दरवेळी अगदी सारख्याच लिहिलेल्या दिसल्या, तर मला त्या वहीवर शंका येते.

काकांना हे पटलं, पण उपयोगी पडेना. "मग मी लिहू तरी काय?" पुढच्या दोन भेटी तिथेच अडकल्या. त्यानंतरच्या भेटीत मी विषय बदलून सहज विचारलं, "कारखान्यात तुमचं काम काय होतं?"

"कापड तपासायचो. इंचात बाण्याचे धागे किती, भिंगातून मोजायचे."

"प्रत्येक इंचात सारखेच यायचे?"

"छे वो! इथं दोन कमी, तिथं एक जास्त. चार-पाच जागी मोजायचं आणि सरासरी घ्यायची. आणि किनारीजवळ मोजायचं नाही, तिथं विणच वेगळी पडते." बोलता बोलता थांबले. बोटांनी माझ्या टेबलावरचा कपडा चाचपत राहिले. "म्हणजे मी एकाच इंचावर अख्खी चादर नापास करत होतो."

मी काहीच बोलले नाही. हे वाक्य त्यांनीच म्हणावं म्हणून तर वाट पाहत होते. मी आधीच म्हणून टाकलं असतं तर ते मान डोलावून घरी गेले असते आणि रात्री दोनला पुन्हा उठले असते.

मग पद्धत त्यांच्याच भाषेत ठरली. सात दिवस, सकाळी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी एक मिनिटाच्या अंतराने दोनच नोंदी. सकाळची गोळी आणि नाश्ता यांच्या आधी, लघवीला जाऊन आल्यावर. मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. जे येईल ते लिहायचं, तिसऱ्यांदा मोजायचं नाही. पहिला दिवस किनारीचा, तो सोडायचा. उरलेल्या सहा दिवसांच्या २४ नोंदींची सरासरी, वरच्या आकड्यांची वेगळी आणि खालच्यांची वेगळी. सात दिवस जमले नाहीत तर किमान तीन तरी.

काकांच्या वरच्या आकड्यांची बेरीज आली ३२१६, भागिले २४, म्हणजे १३४. खालच्यांची १९९२, म्हणजे ८३. घरच्या सरासरीसाठी सीमा १३५/८५ धरतात. दवाखान्यातल्या १४०/९० च्या ती बरोबरीची. म्हणजे काका रेषेच्या जरासे आत होते. सोडून दिलेल्या पहिल्या दिवशी एक १६२ होता, आणि पूर्वी त्या एकट्याने त्यांची रात्र खाल्ली असती.

मी त्यांना आणखी एक भागाकार करायला लावला: सकाळच्या १२ नोंदी वेगळ्या. सकाळची सरासरी १३८/८५, संध्याकाळची १३०/८१. एकूण सरासरीत हा फरक झाकला गेला असता. त्याचं काय करायचं, गोळीची वेळ बदलायची की काहीच नाही, हे डॉक्टरांचं काम. माझं नाही, आणि काकांचंही नाही. म्हणून कागदावर तिन्ही सरासऱ्या वर आणि सगळ्या नोंदी खाली, एकही न गाळता. मशीनही सोबत न्यायला सांगितलं, म्हणजे दवाखान्यातल्या मशीनशी ताडून बघता येतं. पट्टा दंडाच्या मापाचा आहे का तेही तिथेच तपासून घ्यावं. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा फुगतो.

सरासरीत न बसणाऱ्या दोन गोष्टी काकूंनाही बसवून सांगितल्या. मशीनवर अनियमित ठोक्यांची खूण वारंवार आली, तर नोंदींवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. तसं डॉक्टरांना सांगायचं. आणि आकडा १८०/१२० च्या वर असून छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं, हातापायातली ताकद जाणं यातलं काही असेल तर वही बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठायचं.

महिन्याने काका आले, वही दाखवायला. डॉक्टरांनी कागद बघून सकाळच्या आकड्यांबद्दल बरंच विचारलं होतं. मी पानं उलटत होते. एका रात्री २:१० ची नोंद होती, एकच, १५४/९०. राहवलं नसणार. पुढे त्यांनी कंसात लिहिलं होतं, 'किनार', आणि सरासरीत धरली नव्हती.