एका घरात दोन राउटर, एकच पत्ता दोन उपकरणांना

तुझ्या घरी दोन उपकरणांना एकच आयपी पत्ता मिळतोय ना? तू जुना राउटर वायफाय वाढवायला लॅन पोर्टातून लॅन पोर्टात जोडलास, गोची तिथेच झाली. फोन नेटवर्कवर आला की 'मला पत्ता कोण देईल?' असं सगळ्यांना ओरडून विचारतो. दोन्ही राउटर उत्तर देतात आणि फोन बहुधा आधी आलेलं उत्तर धरतो. कुणाला काय दिलं याची वही मात्र दोघांची वेगळी. दोघेही वाटत असलेल्या पत्त्यांचा शेवटचा आकडा १०० ते १९९ मधलाच असेल, तर एकाने लॅपटॉपला 192.168.1.101 दिलेला असताना दुसरा तोच टीव्हीला देऊन मोकळा होतो.

विंडोजवर हे चालव:

```
ipconfig /all
arp -a
```

पत्ते वाटायच्या या कामालाच डीएचसीपी म्हणतात; 'DHCP Server' समोरचा, म्हणजे पत्ता देणाऱ्या राउटरचा, पत्ता कधी हा, कधी तो दिसला तर चोर सापडला. दोन्ही राउटर 192.168.1.1 वरच असतील तर तिथे फरक दिसणार नाही; मग `arp -a` मध्ये त्या पत्त्यासमोरचा मॅक, म्हणजे प्रत्येक राउटरचा स्वतःचा हार्डवेअर क्रमांक, बदलतोय का बघ.

जुना राउटर सोडवून एकट्या लॅपटॉपला जोड, त्या राउटरचा पत्ता 192.168.1.2 कर, त्याचं डीएचसीपी बंद कर, मगच परत लाव. नंतर सगळी उपकरणं एकदा बंद-चालू कर, नाहीतर जुने पत्ते मुदत संपेपर्यंत चिकटून राहतात.