प्रबंध ३१० पानांचा झालाय, गाईड म्हणतात 'धागा सापडत नाही'. आता प्रत्येक प्रकरणाला रोडमॅप आणि शेवटी सारांश जोडला की झालं का?

नाही झालं. नुसतं जोडायला बसलात की 'या प्रकरणाचे पाच भाग आहेत, पहिल्यात अमुक, दुसऱ्यात तमुक' एवढंच लिहून होतं, म्हणजे अनुक्रमणिका पुन्हा छापल्यासारखं. मी नेमकं हेच केलं होतं, म्हणून सांगते.

माझा विषय बडोदा संस्थानातली ग्रंथालय चळवळ. दुसरं प्रकरण १९०६ च्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं, तिसरं सयाजीरावांनी अमेरिकेहून बोलावलेल्या ग्रंथपाल बॉर्डनसाहेबांचं आणि मध्यवर्ती ग्रंथालयाचं, चौथं गावोगाव पुस्तकं नेणाऱ्या फिरत्या पेट्यांचं, पाचवं गावच्या ग्रंथालयांचं. आमच्या सरांना प्रकरणांत अशा वाट दाखवणाऱ्या पाट्या लावण्याचा भारी तिटकारा. 'प्रबंध म्हणजे रेल्वे स्टेशन आहे का? विद्वान वाचकाला बोट धरून न्यावं लागत नाही.' मी गप्प बसले. मग जमा करण्याआधीच्या सादरीकरणात बाहेरून आलेल्या एका बाईंनी सरळ चौथं प्रकरण उघडलं आणि विचारलं, 'हे इथे का आहे?' मी सरांकडे बघते, सर पंख्याकडे.

विद्वान वाचक पहिल्या पानापासून वाचतो हीच मुळात भाबडी समजूत. तो आधी शेवट बघतो, मग मधलं एखादं प्रकरण, आणि उरलेलं महिनाभराने, तोवर आधीचं विसरून.

चौथ्याच्या सुरुवातीला माझं वाक्य होतं: 'मागील प्रकरणात आपण बॉर्डन यांचे कार्य पाहिले. प्रस्तुत प्रकरणात फिरत्या पेट्यांचा अभ्यास करू.' हा परिच्छेद नावं बदलून कुठल्याही दोन प्रकरणांमध्ये चिकटवता येतो, म्हणजे तो फुकट आहे. दोन प्रकरणं जोडणारे तुमचे सगळे सांधे आधी याच कसोटीवर लावून बघा.

मग दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मी चिठ्ठ्या मांडल्या. प्रत्येक प्रकरणाला दोनच वाक्यं: कुठल्या प्रश्नाने सुरू झालं आणि शेवटी काय हाती लागलं. चार दिवस सासूबाई त्या ओलांडून देवघरात जात होत्या. तिसऱ्याच्या चिठ्ठीवरून चौथ्याकडे जाताना दिसलं की मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं शहरात, पण सक्तीमुळे नुकती अक्षरओळख झालेला वाचक होता खेड्यात. मग सांधा असा झाला: 'शहरातल्या ग्रंथालयाने पुस्तकांची व्यवस्था लावली, पण १९०६ नंतर वाचायला शिकलेल्या खेडुतापर्यंत पुस्तक कसं पोचलं, याचं उत्तर त्या इमारतीत मिळत नाही. ते पेट्यांच्या नोंदींत शोधावं लागतं.' काय मिळालं, काय उरलं, आणि उरलेलं पुढे का शोधायचं. बस, एवढंच हवं.

चौथ्यातून पाचव्यात जायचा सांधा मात्र काही केल्या जमेना. कारण मध्ये सयाजी साहित्यमाला या संस्थानच्या ग्रंथमालेवरची अकरा पानं अडकली होती. मला ती फार प्रिय होती, पण त्यांना ना मागचा प्रश्न होता ना पुढचा. गेली परिशिष्टात. सांधा लिहिता येत नसेल तर बहुतेक वेळा भाषा कच्ची नसते, प्रकरणांचा क्रम चुकलेला असतो. सरांशी माझा वाद हाच होता, आणि अजूनही मी मागे घेतलेला नाही. पाटी वाचकासाठी नंतर, आधी ती लिहिणाऱ्याची चूक पकडते.

रोडमॅप येतो प्रकरणाच्या सुरुवातीला, पण लिहा सगळ्यात शेवटी, अर्ध्या पानात. प्रकरणाचा प्रश्न, भाग याच क्रमाने का घेतले, आणि काय मुद्दाम सोडलं. हे शेवटचं कुणी लिहीत नाही आणि परीक्षक नेमकं तेच विचारतात.

आता सारांश. 'दुसऱ्या प्रकरणात हे पाहिले, तिसऱ्यात ते' असा समारोप पुन्हा अनुक्रमणिकाच. माझ्या चिठ्ठ्या शेजारी ठेवल्यावर दुसरं आणि पाचवं एकमेकांशी भांडताना दिसली: शाळा सक्तीची, मूल पाठवलं नाही तर दंड. पण गावच्या ग्रंथालयासाठी आधी लोकांनी वर्गणी जमवायची, मग तितकीच रक्कम प्रांत पंचायत आणि तितकीच सरकार देणार. एकच राज्य अक्षर लादतं आणि पुस्तक मात्र मागितल्याशिवाय देत नाही. हे कुठल्याच एका प्रकरणात लिहिलेलं नव्हतं, दोन्ही एकत्र ठेवल्यावरच दिसलं. समारोपात असं एखादं विधान हवं, ज्याला किमान दोन प्रकरणांचा आधार आहे. नवा पुरावा मात्र तिथे आणू नका.

हो, पंधरा-वीस पानांच्या प्रकरणाला रोडमॅप नको, दोन वाक्यं पुरतात. आणि दर उपविभागाला पाटी लावलीत तर सरांचं रेल्वे स्टेशन खरं ठरेल. तुमचा विषय कुठला ते लिहिलं नाहीत. प्रयोगशाळेतला, छापून आलेले लेख जोडून केलेला प्रबंध असेल तर सांध्यांचं काम वेगळं असतं, तिथे माझा अनुभव नाही.