विचारलंस, पण भलत्याच माणसाला

*ताई, मी अंबड एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. दीड वर्ष झालं. आमचे मॅनेजर सर हुशार आहेत, पण सांगतात ते अर्धवट. परवा सकाळची मीटिंग संपल्यावर चालता चालता म्हणाले, "ते रिजेक्शनचं जरा नीट करून ठेव, गुरुवारी लागेल." मी 'हो सर' म्हणाले, वहीत लिहून घेतलं. चहाच्या वेळी डिस्पॅचच्या दादांशी बोलले, ते जुने आहेत, म्हणाले, सगळ्या महिन्याचं काढ. दोन दिवस बसून मशीनप्रमाणे, शिफ्टप्रमाणे तक्ते केले. सरांनी दोन पानं उलटली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हे कोणी मागितलं होतं?" आता त्यांना विचारायला जावं तर 'तुम्ही नीट सांगत नाही' असाच अर्थ निघेल, आणि सर मनात ठेवणारे आहेत. त्यांचा मान राखून कसं विचारायचं?*
*— एक वाचक, नाशिक*

अगं, विचारायला भीती वाटते असं म्हणतेस, पण तू तर विचारलंस की! चहा पिता पिता विचारलंस. फक्त ज्यांनी काम सांगितलं त्यांना सोडून डिस्पॅचच्या दादांना विचारलंस. दादांचं ते वाक्य तू इतकं सहज लिहून पुढे गेलीस की मला पत्र मागे घेऊन पुन्हा वाचावं लागलं. 'सगळ्या महिन्याचं काढ' हे सर बोललेलेच नाहीत. ते दादा बोलले. सरांनी विचारलं, हे कोणी मागितलं होतं, तर त्याचं खरं उत्तर 'दादांनी' असं आहे.

आणि सरांचा मान म्हणशील, तर तो त्या चहाच्या टपरीवरच गेला. 'सरांना काय म्हणायचं असेल हो?' असं तिसऱ्या माणसाला विचारणं म्हणजे सरांना धड सांगता येत नाही, हे त्यांच्या पाठीमागे जाहीर करणं. जे तोंडावर सूचित होईल म्हणून तू घाबरतेस, ते पाठीमागे रोज उघड बोलते आहेस. सर मनात ठेवणारे असतील, तर त्यांच्या कानावर यातलं काय गेलं तर जास्त झोंबेल, याचा विचार कर.

दादांवर माझा राग नाही. जुनी माणसं विचारलं की सांगतात, 'मला माहीत नाही' म्हणायची त्यांना सवय नसते. पण डिस्पॅचला बसून गुरुवारी काय आहे हे त्यांना कुठून कळणार? ते तर तुलाही कळलेलं नाही. पत्रात गुरुवार आहे, गुरुवारी काय आहे ते नाही. सगळी गोम तिथेच आहे, म्हणून जरा तिथे थांबते.

'रिजेक्शन' म्हटलं की तुमच्याकडे किमान तीन वेगळी कामं निघतात. समज, एका पार्टचे महिन्यात २१,००० नग बनले, त्यातले ४२० तपासणीत बाजूला काढले. म्हणजे २ टक्के. त्या ४२० मधले ३०० रिवर्क करून पास झाले आणि १२० भंगारात गेले. रिवर्कचे धरायचे नाहीत म्हटलं, तर तोच आकडा अर्ध्या टक्क्याच्या जरा वर येतो. दोन्ही आकडे खरे आहेत. आता ग्राहकाकडे २०,००० नग गेले आणि त्यातले ३६ परत आले, तर ते दहा लाखांमागे १,८००, म्हणजे १,८०० पीपीएम. हाही रिजेक्शनचाच आकडा, पण वर्कशॉपमधल्या ४२० शी त्याचा थेट संबंध नाही.

गुरुवारी चाकणहून ग्राहकाची माणसं येणार असतील, तर सरांना ते ३६ नग हवेत: कोणत्या लॉटचे, कोणता दोष, आपण पुढे काय केलं. मालकांबरोबर बैठक असेल तर १२० नगांचे रुपये किती झाले ते हवं. प्रॉडक्शनवाल्यांशी वाद असेल तर मग मशीन आणि शिफ्ट. तू केलेले तक्ते वाईट नसतील, ते या तिसऱ्या गुरुवारचे होते. सरांच्या डोक्यात मात्र एकच गुरुवार होता. बहुधा ते नुकतेच कुणाचा तरी फोन ठेवून मीटिंगला आले होते. त्यांच्यापुरतं ते वाक्य पूर्ण होतं. वरिष्ठांच्या अर्धवट सूचना पुष्कळदा अशाच असतात, मागचापुढचा संदर्भ त्यांना इतका पाठ असतो की तो सांगायचा राहिलाय हेच लक्षात येत नाही.

म्हणून 'नीट म्हणजे काय सर?' असं विचारू नकोस. 'नीट'चा अर्थ कुणालाच सांगता येत नाही, ते फक्त वैतागतील. 'मला नीट कळलं नाही सर' हेही नको. तुला ते नम्र वाटेल, पण त्यावर माणूस तेच वाक्य पुन्हा म्हणतो, जरा मोठ्याने. त्यात नवी माहिती काहीच येत नाही आणि वर तू मंद ठरतेस.

त्याऐवजी हे कर. सूचना मिळाली की जागेवर जाऊन काम सुरू कर. खरोखर सुरू कर, कोरी शीट उघड आणि पहिला रकाना भर. दहा मिनिटांत हात अडेल. ३६ घेऊ की ४२०? रिवर्क धरू की सोडू? महिना एक की तीन? जिथे हात अडला तिथे तुझा प्रश्न आहे. वहीतलं वाक्य पन्नास वेळा वाचून तो सापडणार नाही. आता त्या प्रत्येक फाट्यावर तुला योग्य वाटेल ती वाट तूच निवड आणि निवड केली एवढंच सरांना कळव:

"सर, गुरुवारच्या रिजेक्शनसाठी ग्राहकाकडून परत आलेले नग घेतेय, गेल्या तीन महिन्यांचे, पीपीएममध्ये, एका पानावर. आपल्याकडचं रिजेक्शन आणि रिवर्क यात धरत नाहीये. सुरू करते, काही बदलायचं असेल तर सांगा."

बघ, यात सरांच्या सांगण्याबद्दल एक अक्षर नाही. 'तुम्ही' कुठेच नाही, शेवटचं 'सांगा' सोडलं तर कामाची सगळी क्रियापदं 'मी'ची. चुकलं असेल तर तुझा अंदाज चुकला, त्यांची सूचना नव्हे, आणि अंदाज दुरुस्त करायला कुठल्याही साहेबाला कमीपणा वाटत नाही. उलट पुष्कळांना आवडतं. 'काय करू?' याचं उत्तर त्यांना शोधावं लागतं. 'हे करतेय' म्हटल्यावर फक्त 'नाही, ते नको' एवढंच म्हणायचं असतं.

'धरत नाहीये' हे वाक्य गाळू नकोस. काय घेतलं ते वाचताना साहेब मान डोलावतात, काय सोडलं ते वाचलं की जागे होतात. "अगं, रिवर्क कशाला सोडतेस, तेच तर दाखवायचंय!" हे उत्तर तुला सोमवारी हवंय, गुरुवारी सगळ्यांसमोर नव्हे.

ऐकलेलं परत म्हणून दाखवण्यात सांगणाऱ्याचा अपमान आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी रेल्वेची पद्धत बघावी. जे फाटक सिग्नलला जोडलेलं नसतं, तिथे स्टेशनमास्तर फोनवर गाडीचा निरोप देतो, फाटकवाला तो उलट म्हणून दाखवतो आणि फाटक लावलं की खात्रीचा म्हणून आपल्याजवळच्या तक्त्यातला एक प्रायव्हेट नंबर देतो. तो नोंदवला जातो. 'मी नीट सांगितलं नाही असं तुला वाटतं का?' असं कुठलाही स्टेशनमास्तर विचारत नाही. नुसतं 'हो साहेब' म्हणून फोन ठेवणारा फाटकवाला मात्र कुणालाही परवडायचा नाही. तुझं 'हो सर' तसलंच आहे, बरं का. वहीत उतरवून घेतलंस ते चांगलं केलंस, पण वहीतलं फक्त तूच वाचतेस.

वेळेचं सांभाळ. हे सगळं सूचनेनंतर अर्ध्याएक तासात व्हायला हवं. तेव्हा विचारणारी मुलगी कामाला लागलेली दिसते, दुसऱ्या दिवशी विचारणारी काल ऐकतच नव्हती असं दिसतं. सर फोनवर असतील, प्लँटमध्ये असतील, तर व्हॉट्सॲप कर. दारात उभी राहून ताटकळू नकोस, चार माणसांत तर मुळीच विचारू नकोस.

कधी उत्तर येईल, "तू बघ गं." त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की सरांचंही अजून ठरलेलं नाही, वरून काही यायचंय. तिथे आणखी प्रश्न विचारून उपयोग नाही. खरे आकडे घालून एकच पान कर, बाकीचं कोरं ठेव, आणि पंधरा मिनिटांत त्यांच्यासमोर धर. ज्याला काय हवंय ते सांगता येत नाही, त्याला समोरचं बघून काय नको ते चटकन सांगता येतं.

आणि समज, तू कळवलंस, ते 'हो' म्हणाले, आणि तरी गुरुवारी 'हे कोणी मागितलं' म्हणाले? एकदा झालं तर विसरले म्हणून सोड. वारंवार होत असेल तर प्रश्न तुझ्या विचारण्याचा नाही, आणि मग तुझे ते मेसेज जपून ठेव. पण अजून तू त्यांना एकदाही सरळ कळवलेलं नाहीस, त्यामुळे 'मनात ठेवणारे आहेत' हा निकाल माझ्याकडून इतक्यात मिळणार नाही.

पुढची सूचना येईल त्या दिवशी हा मेसेज चहाच्या आधी गेला पाहिजे. उत्तरादाखल नुसता अंगठा आला तर तो होकार समज आणि लाग कामाला. फक्त जिथून मागे फिरता येत नाही, म्हणजे लॉट भंगारात काढायचा आहे, माल सोडायचा आहे, ग्राहकाला मेल जाणार आहे, तिथे 'सुरू करते' असं लिहू नकोस आणि अंगठ्यावरही जाऊ नकोस. केबिनमध्ये जा, पार्ट नंबर, लॉट नंबर आणि नग मोठ्याने वाचून दाखव, आणि त्यांच्या तोंडून 'हो' ऐकल्याशिवाय तिथून हलू नकोस.