प्रकल्पासाठी ‘प्रदूषण’ नको, एक प्रश्न हवा

प्रश्न : माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे. पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी मी तिला ‘नवी मुंबईतील प्रदूषण : कारणे, परिणाम व उपाय’ हा विषय ठरवून दिला आहे. त्यात खाडी, एमआयडीसीची हवा, कचरा, आवाज सगळेच येते. ती मात्र ‘मला फक्त कॉलेजसमोरच्या हॉर्नवर काम करायचे आहे’ म्हणून अडून बसली आहे. इतक्या क्षुल्लक विषयाला कोण गुण देणार? पुढे मेडिकलला जायचे असल्याने प्रोफाइल भक्कम हवे. बाजारात तयार प्रकल्प मिळतात. तो आणून तिचा वेळ वाचवावा का? कृपया तिला समजवा.
— एक पालक, कोपरखैरणे

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

मुलीला समजवावे असे मला या पत्रात काही आढळले नाही. बोलायचे आहे ते तुमच्याशी. विषय तुम्ही ठरवला, शीर्षक तुम्ही दिले आणि आता प्रकल्पही तुम्हीच विकत आणायला निघाला आहात. सतरा-अठरा वर्षांची मुलगी रोज ज्या फाटकातून आत जाते, तिथे तिला काहीतरी खटकले आणि त्यावर काम करायची इच्छा झाली, ही या सगळ्या पत्रव्यवहारातील एकमेव अस्सल गोष्ट आहे आणि नेमकी तीच तुम्हाला क्षुल्लक वाटते. मेडिकलचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो, तिथे या प्रकल्पाची फाइल कोणी उघडत नाही. तेव्हा ‘प्रोफाइल’ची काळजी इथेच सोडून द्यावी. तयार प्रकल्प आणण्याबद्दल एवढेच सांगतो की तोंडी परीक्षेत ‘ही नोंद कुठे उभी राहून घेतलीस?’ या पहिल्याच प्रश्नाला विकतच्या फाइलमध्ये उत्तर नसते.

विषय जितका मोठा तितका प्रकल्प वजनदार, हा समज पालकांत फार खोलवर रुजलेला आहे. तुमच्या शीर्षकातील एकच तुकडा घेऊ : खाडी. ठाण्याच्या खाडीचे पाणी एकाच जागी भरतीला वेगळे आणि ओहोटीला वेगळे असते, त्यामुळे एका रविवारी बाटली भरून आणली तर ती त्या वेळेपुरतेच सांगते. पाण्यातील सेंद्रिय प्रदूषण मोजण्याची नेहमीची बीओडी चाचणी करायची, तर नमुना ठरावीक तापमानाला काही दिवस ठेवावा लागतो आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागते. हवेचेही तसेच, सूक्ष्म धूलिकण मोजणारे भरवशाचे उपकरण विद्यार्थ्याच्या हाती नसते. मग मुले काय करतात? वर्तमानपत्रांतील कात्रणे चिकटवतात, संकेतस्थळांवरील आकडे उतरवून घेतात आणि शेवटी ‘झाडे लावा’ असा उपाय लिहितात. ऐंशी पाने भरतात, पण त्यांतील एकही आकडा त्यांचा स्वतःचा नसतो.

आता तुमच्या मुलीच्या बाजूने बोललो म्हणून तिचे सगळे बरोबर आहे असेही नाही. ‘कॉलेजसमोरचे हॉर्न’ हाही अजून विषयच आहे, प्रश्न नव्हे. तो प्रश्न झाला की नाही हे ओळखायची माझी एक साधी कसोटी आहे. मोजमापाला जाण्यापूर्वी कागदावर कोरा तक्ता आखायचा आणि प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर काय लिहायचे ते ठरवायचे. रकान्यांची नावे सुचत नसतील, किंवा रकाना भरायला लागणारी वस्तू आपल्याकडे नसेल, तर प्रश्न अजून अरुंद झालेला नाही.

तिने तिचा विषय या कसोटीवर घासून पाहावा. पहिला मोह होईल तो ‘हॉर्नचा विद्यार्थ्यांच्या आरोग्यावर परिणाम’ असे लिहिण्याचा. इथे रकान्यात काय भरणार? श्रवणशक्तीची तपासणी तिला करता येणार नाही, आणि डोकेदुखीबद्दल प्रश्नावली वाटली तर झोप, अभ्यास, चष्म्याचा नंबर यांतून हॉर्न वेगळा काढता येणार नाही. दुसरा प्रयत्न ‘हॉर्नमुळे आवाज वाढतो का?’ असा होईल. याचे उत्तर आधीच ठाऊक आहे, म्हणून ते शोधण्यात अर्थ नाही. तिसरा बरा आहे : ‘सकाळी कॉलेज भरताना आणि तास सुरू असताना फाटकापाशी आवाजाच्या पातळीत किती फरक असतो?’ जागा ठरली, वेळ ठरली, तुलना ठरली, मोजता येणारी राशी ठरली. पण यात एक फट राहते. कॉलेज भरताना हॉर्न वाढतात तशी वाहनेही वाढतात. स्कूलबस उभ्या राहतात, रिक्षा वळतात, दुचाकी सुरूच ठेवलेल्या असतात. आवाज वाढला तो हॉर्नमुळे की इंजिनांमुळे, हे या तुलनेतून कळणार नाही.

म्हणून चौथी मांडणी मी सुचवतो : ‘वाहनांची संख्या जवळपास सारखी असताना हॉर्न जास्त वाजले, तर फाटकापाशी आवाजाची सरासरी पातळी किती डेसिबलने वाढते?’ आता तक्ता आपोआप आखला जातो. दर पाच मिनिटांची एक ओळ. त्यात तारीख, वेळ, बस-ट्रकची संख्या, रिक्षा व मोटारी, दुचाकी, हॉर्नची संख्या आणि त्या पाच मिनिटांची सरासरी पातळी. रोज अर्धा तास उभे राहिले तर सहा ओळी होतात. दोन आठवड्यांतील कामाचे कोणतेही पाच दिवस घेतले तर तीस. बारावीच्या प्रकल्पाला तीस प्रामाणिक ओळी पुरेशा आहेत. त्यांतून वाहनांची संख्या सारखी असलेल्या जोड्या काढायच्या. उदाहरणासाठी समजा, एका ओळीत ६२ वाहने, ९ हॉर्न आणि ७१ डेसिबल आहेत, तर दुसरीत ६५ वाहने, ३१ हॉर्न आणि ७४ डेसिबल. फरक तीन डेसिबलचा दिसतो, पण डेसिबलचे माप लॉगरिदमवर चालत असल्याने तीन डेसिबल म्हणजे ध्वनिऊर्जा दुप्पट. जोडीत बसची संख्याही सारखी आहे ना, हे मात्र पाहावे. एक बस चार दुचाकींच्या हिशेबात बसत नाही. अशा जोड्यांत फरक मुळीच आढळला नाही, तरी प्रकल्प फसला असे होत नाही. तिथला आवाज मुख्यतः इंजिनांचा आहे, हे तेवढेच चांगले उत्तर आहे.

मोजण्यासाठी मोबाइल चालेल. आयफोन असल्यास NIOSH Sound Level Meter हे विनामूल्य ॲप आहे. अँड्रॉइडवर ॲपनुसार आणि फोननुसार आकडे बरेच बदलतात. म्हणून पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत फोन एकच, ॲप एकच आणि उभे राहण्याची जागाही एकच असावी. फोन साधारण छातीच्या उंचीवर आणि भिंतीपासून हातभर नव्हे, चांगले दोन-तीन मीटर दूर धरावा, कारण भिंतीवरून परतलेला आवाज पातळी फुगवतो. मायक्रोफोनवर बोट येऊ देऊ नये, आणि जोराचा वारा किंवा पाऊस असेल त्या दिवशी नोंद घेऊ नये. पडद्यावर अनेक आकडे नाचतात, त्यांतील LAeq हा पाच मिनिटांचा सरासरी आकडा लिहावा. मुले हमखास सर्वांत मोठा क्षणिक आकडा लिहून आणतात, कारण तो भारी वाटतो. पुढे सरासरी काढतानाही सांभाळावे लागते : सारख्याच कालावधीच्या ६० आणि ८० डेसिबलच्या दोन नोंदींची सरासरी ७० नव्हे, सुमारे ७७ येते. आकडे आधी ऊर्जेत बदलायचे, त्यांची सरासरी घ्यायची आणि मग पुन्हा डेसिबलमध्ये आणायचे. अकरावीच्या गणितातला लॉगरिदम इथे कामाला येतो.

एका ठिकाणी तिची लेखणी नक्की घसरेल, म्हणून आधीच सांगतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत शांतता क्षेत्रासाठी दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही मर्यादा आहे. मुले फाटकापाशी ८५ चा आकडा पाहतात आणि ‘मर्यादेचे उल्लंघन’ असे ठोकून देतात. पण दिवसाची मर्यादा ही सकाळी ६ ते रात्री १० या काळातील सरासरीसाठी आहे. एका हॉर्नचा क्षणिक आकडा, किंवा अर्ध्या तासाची सरासरीसुद्धा, तिच्याशी थेट ताडून पाहता येत नाही. शिवाय शाळा-महाविद्यालयाभोवतीचे शंभर मीटर आपोआप शांतता क्षेत्र ठरतात हेही आता खरे नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य शासनाने तसे अधिसूचित केलेले असावे लागते. तिचे कॉलेज त्या यादीत आहे का, हे तिने महापालिकेत किंवा पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे. यादीत असेल, तर तिथे हॉर्न वाजवण्यासच नियमांनी मनाई आहे, आणि मग तिने मोजलेली हॉर्नची संख्या डेसिबलच्या आकड्याहूनही बोलकी ठरेल. मर्यादा मोडल्याचा पुरावा देणे हे प्रमाणित उपकरणाचे काम आहे, मोबाइलचे नव्हे, असे तिने अहवालात स्वच्छ शब्दांत लिहावे.

शीर्षकाबद्दल शिक्षकांना हरकत असेल, तर वर मोठे शीर्षक आणि खाली हा प्रश्न, अशी तडजोड करता येते. फाटकापाशी उभे राहण्यापूर्वी प्राचार्यांची लेखी परवानगी घ्यावी आणि नोंदी पदपथावर उभे राहूनच घ्याव्यात.

तुम्हाला मदत करायचीच असेल, तर एक काम तुमच्यासाठी आहे. पाच मिनिटांत हॉर्न, वाहने आणि फोन हे सगळे एकट्याने सांभाळता येत नाही. पहिल्या सकाळी तुम्ही तिच्याशेजारी उभे राहा आणि दोघांनीही एकमेकांचा कागद न पाहता हॉर्न मोजा. एकाच रिक्षावाल्याने लागोपाठ तीनदा वाजवला तर तो एक धरायचा की तीन, यावर तुमचे आकडे वेगळे येतील. असे झाले तर काय धरायचे ते तिला ठरवू द्या, तो नियम तिच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिला जाऊ द्या, आणि त्या दिवशीच्या ओळी बाद करून दुसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू करा.