सोलापुरात करार संपताना भाडं वाढवायचं, तर कशाच्या आधारावर?

प्रश्न: जुळे सोलापुरात माझा वन बीएचके आहे, भाडं ७,५००. अकरा महिन्यांचा करार संपत आलाय. भाडेकरू चांगला आहे, पण भाडं वाढवायचंय. त्याला पटेल असं कारण काय देऊ?

माझ्याही दोन खोल्या विजापूर रोडला भाड्याने आहेत, त्यामुळे दरवर्षी हा विषय असतोच. आधी एक बघून घ्या: तुमचा व्यवहार लिव्ह अँड लायसन्सचा आहे ना? तसा असेल तर करार संपल्यावर नवं भाडं दोघांच्या संमतीने ठरतं. जुन्या, भाडे नियंत्रण कायद्यातल्या भाडेकरूला मात्र १९९९ च्या कायद्याप्रमाणे साधारणपणे वर्षाला ४ टक्के वाढ करता येते. तिथे खालचं काही लागू नाही.

आता आजूबाजूचे दर. ऑनलाइन जाहिरातीतला किंवा बोर्डावरचा आकडा धरू नका, तो मागणीचा असतो. गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष कितीला दिलं ते वॉचमन, किराणावाला किंवा एजंटकडून कळतं. तीन घरं पुरेत, पण ती तुमच्या घराच्या मापात आणून बघावी लागतात. समजा तुमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, मेंटेनन्स तुम्ही भरता, डिपॉझिट ३०,००० आहे.

तुमच्याच बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर ७,५०० भाडं आहे, पण ६०० मेंटेनन्स भाडेकरू वेगळा देतो. म्हणजे तुमच्या हिशेबाने ते ८,१०० झालं. पलीकडच्या गल्लीत ९,००० आहे, मात्र लिफ्ट आणि कपाटं आहेत. त्याचे साधारण ७०० वजा करा, राहिले ८,३००. तिसरीकडे भाडं ८,००० पण डिपॉझिट ६०,००० घेतलंय. जास्तीच्या ३०,००० वर बँकेच्या साडेसहा टक्क्यांनी महिन्याला दीडशेच्या वर व्याज सुटतं, म्हणून तो धरा ८,१५०. म्हणजे तुमचा आकडा ८,२०० च्या आसपास बसतो.

मग खर्च. मेंटेनन्स ४०० चा ६०० झाला असेल तर महिन्याला २००. उन्हाळ्यातले टँकर (आपल्याकडे नळाला रोज पाणी कुठं येतंय!) तीन महिने तीनशे-तीनशे, म्हणजे बारा महिन्यांवर वाटून ७५. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा तुमचा वाटा १२,००० आला असेल, तर तो या एका वर्षाच्या भाड्यात कोंबायचा नाही. ते काम पाच वर्षं टिकेल असं धरून महिन्याला २००. एकूण ४७५. तुमच्या कर्जाचा हप्ता यात घालू नका, भाडेकरूचा त्याच्याशी संबंध नाही. बोअरच्या क्षाराने गिझरची कॉइल गेली, तर ती बदलणं मालकाचं नेहमीचं काम, तेही सोडून द्या.

इथेच बरेच मालक चुकतात. ८,२०० मध्ये हे ४७५ वर टाकून ८,७०० मागतात. पण शेजारच्या मालकांनाही टँकर आणि मेंटेनन्स लागतोच, तो त्यांच्या भाड्यात आधीच आलेला असतो. तेव्हा दराने वरची हद्द ठरते आणि खर्चाने तिथपर्यंत का चढतोय ते सांगता येतं. शेजारचे दर ७,७०० च असते, तर तुमचा खर्च ४७५ ने वाढला तरी २०० वरच थांबावं लागलं असतं. बाकीचं तुमच्या खिशातून.

तर मागा ८,२००, म्हणजे ७०० ची वाढ. त्याहून ५०० जास्त ताणले तर अकरा महिन्यांत ५,५०० मिळतील. भाडेकरू गेला आणि घर एकच महिना बंद राहिलं तरी त्याहून जास्त जातात, शिवाय एजंट आणि रंग वेगळा.

करार संपण्याच्या दोन महिने आधी सांगा, त्यालाही दुसरीकडे बघायला वेळ मिळतो. व्हॉट्सॲपवर सोसायटीची जुनी आणि नवी पावती, टँकरची बिलं पाठवा आणि तीन घरांचे हिशेब साध्या भाषेत लिहा. 'महागाई वाढलीय' म्हणालात की तो म्हणेल, 'माझा पगार कुठं वाढलाय साहेब?' पावतीवर असं बोलता येत नाही. तो ८,००० म्हणाला, तर डिपॉझिट वाढवून घेऊन जमवा.

ठरलं की नवा करार नोंदवून घ्याच. कायद्याने तो लेखी आणि नोंदणीकृत लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. पुढच्या वर्षीची वाढ किती, हेही त्यातच लिहायचं असेल तर अकराऐवजी बावीस महिन्यांचा करार करा.